नवं मडकं चुलीवर चढवण्याआधीचे सहा दिवस



पौष पौर्णिमेला मुरबाडजवळ म्हशाची यात्रा भरते. घोंगडी, चटया, लोखंडी अवजारं यांच्याबरोबर मातीची भांडीही तिथून घरी येतात. उरलेलं वर्ष आठवडी बाजार आणि कुंभाराचं घर आहेच. मडक्यातला भात आणि सुकटीचं कालवण आपल्या घरांना नवं नाही. पण गेल्या काही वर्षांत घराघरांत गॅसची शेगडी आली, ॲल्युमिनियमची पातेली आली, आणि मडकं तयार करायची जी पद्धत आजीला पाठ होती ती नातसुनेपर्यंत पोचलीच नाही. मडकं आणलं, धुतलं, त्याच संध्याकाळी गॅसवर ठेवलं आणि ते टक्कन वाजून तडकलं, असं वस्त्यांमध्ये वरचेवर ऐकू येतं. मडकं गेलं तर शे-दोनशे रुपये गेले. पण उकळत्या कालवणासकट बूड निसटलं, तर समोर बसलेल्या बाईच्या आणि जवळ खेळणाऱ्या पोराच्या पायावर ते येतं. आरोग्याच्या पानावर मडक्याबद्दल लिहायचं कारण हे आहे.

मडकं का फुटतं?

भाजलेली माती वरून घट्ट दिसली तरी तिच्या अंगात बारीक छिद्रं असतात. पाण्याचा माठ गार राहतो तो याच छिद्रांमुळे. पाणी आतून पाझरत बाहेर येतं, वाऱ्याने उडून जातं आणि जाताना माठातली उष्णता घेऊन जातं. पाण्याच्या माठाला ही छिद्रं उघडी हवीत. स्वयंपाकाच्या मडक्याला मात्र ती भरलेली हवीत. छिद्रं उघडी राहिली तर कालवण भिंतीत झिरपतं, तिथेच आंबतं आणि वास धरतं. भिंतीत साचलेलं पाणी एकदम तापलं तर त्याची वाफ होते, तिला बाहेर पडायला वाट लागते, आणि ती मातीच्या खपल्या उडवते.

दुसरं कारण उष्णतेचं. माती उष्णता हळू पसरवते. जाळ जिथे लागतो तिथली माती तापून किंचित फुगते आणि शेजारची थंड माती आहे तेवढीच राहते. या ओढाताणीत चीर पडते. म्हणून मडक्याला नुसत्या आचेपेक्षा अचानक बदललेल्या आचेची भीती जास्त. चुलीवर तासभर टिकणारं मडकं खाली उतरवून ओल्या जमिनीवर ठेवलं की क्षणात जातं.

या दोन गोष्टी लक्षात ठेवल्या, म्हणजे पुढचं सगळं आपोआप कळतं. मडकं तयार करणं म्हणजे त्याची छिद्रं हळूहळू भरणं आणि त्याला जाळाची सवय लावणं.

घेतानाच पारखा

कुंभाराला पहिला प्रश्न विचारा, “हे चुलीवर चालणारं आहे का?” स्वयंपाकाच्या भांड्यासाठी मातीत वाळू किंवा तशीच भरड वस्तू मिसळतात. त्यामुळे ते आचेला दाद देतं. पाण्याचा माठ, कुंडी किंवा शोभेचं भांडं त्यासाठी केलेलं नसतं. ते जाळावर ठेवू नका.

मग मडकं एका हाताच्या तळव्यावर धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत नाद आला तर भाजणी चांगली आणि अंग सलग. भद्द आवाज आला तर कुठेतरी चीर आहे किंवा माती कच्ची आहे. उन्हाकडे धरून आत डोकावून बघा. काठावर, बुडाशी आणि कानाच्या जोडावर केसासारखी रेष दिसली तर दुसरं घ्या. अंगात पांढरे खडे दिसत असतील तर तेही नको. तो चुनखडीचा खडा असू शकतो. भट्टीत भाजलेली चुनखडी पुढे ओल लागली की फुगते आणि दोन-चार दिवसांनी तिथली खपली उडून खड्डा पडतो.

घरी गॅस असेल तर सपाट बुडाचं भांडं घ्या. गोल बुडाचं मडकं तीन दगडांच्या चुलीवर पक्कं बसतं आणि गोलाईमुळे आच सगळीकडे सारखी लागते. पण शेगडीच्या चार दांड्यांवर ते डुगडुगतं, आणि भरलेलं मडकं कलंडणं हे फुटण्याइतकंच धोक्याचं आहे. विजेच्या इंडक्शन शेगडीवर मातीचं भांडं तापतच नाही.

चकाकी आणि रंग

आतून काचेसारखं चमकणारं मातीचं भांडं स्वयंपाकासाठी घेऊ नका. अशी चकाकी आणण्यासाठी लावलेल्या लेपात शिसं असू शकतं. चिंच, कोकम, टोमॅटो, ताक असं आंबट त्यात शिजवलं किंवा भरून ठेवलं, की शिसं सुटून अन्नात उतरतं. ते डोळ्याला दिसत नाही आणि जिभेला लागत नाही. लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर त्याचा परिणाम होतो, रक्त कमी होतं, पोट दुखत राहतं, आणि गरोदर बाईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. रक्तात शिसं इतकं असलं तर चालेल अशी सुरक्षित पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. विकणारा “यात शिसं नाही” म्हणाला तरी ते घरी तपासायची सोय नाही. त्यापेक्षा लेप नसलेलं, हाताला खरखरीत लागणारं साधं भांडं घेतलेलं बरं.

काळ्या मडक्यांचे दोन प्रकार असतात. भट्टी झाकून धूर आत कोंडला की त्याची काजळी मातीत मुरते आणि मडकं अंगातूनच काळं होतं. ते चालतं. वरून काळा रंग फासलेलं मात्र चालत नाही. ओल्या पांढऱ्या फडक्यावर थोडं तेल घेऊन मडक्याचं अंग आतून-बाहेरून जोरात पुसा. चिकट काळा रंग उतरला किंवा रंगाच्या डब्यासारखा वास आला तर ते शिजवायला घेऊ नका. लाल मडक्यावरून थोडी तांबूस माती फडक्याला लागली तर घाबरू नका. तो बहुधा गेरू असतो आणि भिजवून धुतल्यावर निघून जातो.

सहा दिवसांचा हिशेब

समजा, शहापूर तालुक्यातल्या एका घरात दोन लिटरचं साधं लाल मडकं रविवारी आणलं. घरी परसात चूल आहे आणि आत गॅस आहे. ते मडकं शनिवारच्या जेवणाला कसं तयार होतं, ते दिवसाच्या क्रमाने पाहू.

रविवारी संध्याकाळी मडकं आतून-बाहेरून नुसत्या पाण्याने आणि काथ्याने धुवायचं. साबण लावायचा नाही. छिद्रं उघडी असताना साबण आत शिरतो आणि पुढे भाताला त्याची चव येते. मग मडकं पूर्ण बुडेल अशा बादलीत ठेवायचं. ठेवताच बारीक बुडबुडे निघतात. छिद्रांतली हवा बाहेर पडून तिथे पाणी शिरत असल्याची ती खूण. भातसा, तानसा, वैतरणा आपल्याच तालुक्यात असूनही उन्हाळ्यात कितीतरी वस्त्यांना टँकरची वाट बघावी लागते. अशा वेळी बादलीभर पाणी घालवू नका. मडकं घमेल्यात ठेवून काठोकाठ भरा आणि बाहेरून ओलं गोणपाट गुंडाळा. अधूनमधून घमेल्यातलं पाणी त्यावर शिंपडत राहिलं की तेच काम होतं.

सोमवारी संध्याकाळी, म्हणजे २४ तासांनी, मडकं बाहेर काढायचं. हाताने दाबून बघायचं. कच्च्या भाजणीचं मडकं पाण्यात मऊ पडतं, बोटाला चिखल लागतो किंवा पोपडे सुटतात. असं झालं तर ते कुंभाराला परत करावं, ते चुलीवर टिकणार नाही. चांगलं असेल तर सावलीत, वारा खेळेल अशा जागी पालथं घालायचं. उन्हात घालायचं नाही, कारण वरची बाजू भराभर वाळते आणि आतली ओली राहते.

बुधवारी दुपारपर्यंत मडकं वाळतं. रंग पुन्हा फिका झाला की ते कळतं. खात्री करायची तर गालाला लावा. गारवा लागला म्हणजे आत अजून ओल आहे. पावसाळ्यात इथली हवा दमट असते, तेव्हा आणखी एक-दोन दिवस थांबा आणि पुढचे वार तेवढे पुढे ढकला.

बुधवारी संध्याकाळी पहिली पेज. दीड लिटर पाण्यात चार मोठे चमचे तांदळाचं पीठ गुठळी न होऊ देता कालवायचं. पिठाऐवजी दोन मुठी कणी घेतली तरी चालते. हे पाणी मडक्यात ओतायचं. पाणी घरातल्या हवेइतकंच गार असावं, माठातलं थंड नको आणि तापवलेलंही नको. मग मडकं चुलीवर ठेवून एकाच बारीक लाकडाचा जाळ लावायचा. पहिली १५ मिनिटं जाळ वाढवायचा नाही. भांडं कोमट झालं की दुसरं लाकूड सारायचं. पेज उकळायला लागली की लाकडं मागे ओढून निखाऱ्यांवर अर्धा तास रटरटू द्यायची. मग जाळ विझवून मडकं हलवायचं नाही, रात्रभर तिथेच निवू द्यायचं.

पेजेने होतं ते असं. तांदळातला पिठूळ अंश गरम पाण्यात फुगून चिकट होतो, भिंतीच्या छिद्रांत शिरतो आणि वाळला की तिथेच बसतो. कपड्याला खळ दिली की धाग्यांमधली जागा भरते, तसंच हे. पहिल्या रात्री मडक्याच्या बाहेरच्या अंगावर ओलसर पांढुरके डाग येतील. पेज आरपार झिरपल्याची ती खूण, त्यात बिघडलेलं काही नाही.

गुरुवारी सकाळी ती पेज टाकून द्यायची, कोमट पाण्याने विसळायचं आणि दिवसभर वाळू द्यायचं. संध्याकाळी तशीच दुसरी पेज. या वेळी बाहेरचे डाग कमी दिसले पाहिजेत.

शुक्रवारी सकाळी मडकं विसळून वाळवायचं. दुपारी ते कोरडं झालं की आतून आणि काठाला दोन चमचे शेंगदाण्याचं किंवा खोबऱ्याचं तेल हाताने चोळायचं आणि संध्याकाळपर्यंत मुरू द्यायचं. तेल पहिल्याच दिवशी लावलं असतं तर पेजेला आत शिरायला जागा उरली नसती, म्हणून ते शेवटी. संध्याकाळी तिसरी पेज, त्याच मंद आचेवर. आता उकळताना बाहेरचं अंग कोरडं दिसायला हवं. एखाद्या जागी ओलसर रेष दिसत असेल तर ती चीर समजा. मडकं थेंब थेंब गळत असेल किंवा जाळ फिसफिसत असेल, तर ते शिजवायला वापरू नका. त्यात कांदे-लसूण ठेवता येतील.

शनिवारी पहिला स्वयंपाक भाताचा. दुसरा वरणाचा. सुकट, बोंबील, आंबट कालवण दोन-तीन वेळा भात झाल्यावरच. पहिल्या काही दिवसांत जे शिजतं त्याचाच अंश उरल्यासुरल्या छिद्रांत बसतो. तिथे आधी सुकट बसली, तर पुढे महिनाभर भाताला तिचा वास येतो. जमलं तर दोन मडकी ठेवा, एक भात-डाळीचं आणि एक मासळीचं.

आचेवर ठेवताना

रिकामं मडकं कधीच तापवू नका. आत पाणी असेल तोवर भिंत फार तापत नाही, कारण उकळतं पाणी आचेची उष्णता ओढून घेतं. रिकाम्या मडक्यात तेल तापवून फोडणी करण्याची घाई बुडाला महागात पडते. फोडणी लोखंडी पळीत करून वरून ओता. मडक्यातच करायची असेल तर ते आधी कोमट करा, तेल घाला आणि आच शेवटपर्यंत लहान ठेवा.

शिजताना पाणी आटलं तर गार पाणी ओतू नका. शेजारी लहान पातेल्यात गरम पाणी ठेवा. फ्रीजमधून काढलेली मासळी किंवा डाळ तशीच गरम मडक्यात टाकू नका, आधी बाहेर ठेवून तिचा गारवा जाऊ द्या. ढवळायला लाकडी पळी घ्या.

गॅसची ज्योत एकाच जागी जोरात लागते, म्हणून सपाट बुडाच्या भांड्याखाली जुना जाड लोखंडी तवा ठेवा. आधी तव्यावर भांडं ठेवा आणि मग गॅस पेटवा. तापलेल्या तव्यावर गार भांडं ठेवलं तर तव्याचा काही उपयोग राहत नाही. ज्योत भांड्याच्या बाजूने वर येता कामा नये. माती उष्णता धरून ठेवते, त्यामुळे जेवण व्हायच्या पाच-सात मिनिटं आधी गॅस बंद केला तरी शिजणं चालू राहतं. चूल असेल तर ती परसात किंवा पडवीत मांडा. मडक्यातलं अन्न हळू शिजतं, म्हणजे धूरही जास्त वेळ होतो, आणि बंद खोलीत तो बाईच्या आणि पाठीवरच्या मुलाच्या छातीत जातो.

उतरवताना दोन्ही हातांत कोरडं जाड फडकं घ्या. ओल्या फडक्याने चटका लवकर बसतो आणि मडक्यालाही झटका बसतो. नुसत्या काठाला धरून उचलू नका, भरल्या मडक्याचा काठ हातात राहतो आणि बाकीचं खाली जातं. दोघींनी उचलता आलं तर उत्तम. खाली कापडाची किंवा गवताची कोरडी चुंबळ आधीच मांडून ठेवा.

मडकं तडकलंच, तर ते कुठे तडकलं हे बघा. बूड गोल सुटलं असेल तर बहुतेक वेळा ते रिकामं तापलेलं असतं किंवा पहिलाच जाळ मोठा लागलेला असतो. काठापासून खाली चीर गेली असेल तर वरची बाजू गार आणि खालची तापलेली असं झालेलं असतं, किंवा गार पाणी पडलेलं असतं. बाहेरून खपल्या उडाल्या असतील तर ओलं मडकं घाईने तापवलेलं असतं. पुढचं मडकं वापरताना एवढी चूक टाळता येते. तडकलेलं मडकं सिमेंट किंवा चिकटद्रव्याने सांधून पुन्हा चुलीवर ठेवू नका.

भाजलं तर

उकळतं कालवण अंगावर सांडलं, तर पहिलं काम पाण्याचं. भाजलेल्या जागेवर साधं पाणी २० मिनिटं सोडत राहा. नळ नसेल तर बादलीत हात-पाय बुडवून ठेवा, किंवा तेच पाणी तांब्याने पुन्हा पुन्हा ओता. बर्फ लावू नका. अंगठी, बांगड्या, पैंजण सूज येण्याआधी काढा. कपडा कातडीला चिकटला असेल तर ओढू नका. हळद, टूथपेस्ट, शाई, राख, तेल यांतलं काहीही लावू नका. त्याने जखमेत घाण जाते आणि डॉक्टरांना ती नीट दिसत नाही. फोड फोडू नका. स्वच्छ सुती कापडाने सैल झाका. लहान मूल असेल, तोंड, हात, पाय किंवा जांघ भाजली असेल, किंवा जखम तळहातापेक्षा मोठी असेल, तर १०८ ला फोन करून दवाखान्यात न्या. शहापूरला उपजिल्हा रुग्णालय आहे, मुरबाडला ग्रामीण रुग्णालय आहे. तोपर्यंत बाकीचं अंग गोधडीने झाकून उबदार ठेवा.

धुणं आणि ठेवणं

जेवण झाल्यावर मडकं पूर्ण निवू द्या. मग कोमट पाणी, काथ्या आणि चुलीची चाळलेली राख घेऊन घासा. साबण आताही नको. खाली लागलं असेल तर खरवडू नका, पाणी भरून रात्रभर ठेवा. तेलकट वास राहिला तर चमचाभर खाण्याचा सोडा घालून पाणी उकळा. धुतल्यावर पालथं घालून पूर्ण वाळवा आणि झाकण न लावता ठेवा. ओलं मडकं झाकून ठेवलं की आत बुरशी येते. पांढरट बुरशी दिसली तर घासून काढा, पाणी उकळून टाकून द्या आणि दिवसभर कडक उन्हात वाळवा. काळे डाग आणि कुबट वास त्यानंतरही गेला नाही, तर ती बुरशी छिद्रांत शिरली आहे. ते मडकं स्वयंपाकातून काढा.

उरलेलं अन्न मडक्यात ठेवू नका. मडकं सावकाश निवतं, म्हणजे भात बराच वेळ कोमट राहतो, आणि कोमट भातात जंतू झपाट्याने वाढतात. दोन तासांच्या आत तो पसरट भांड्यात काढा आणि गार जागी ठेवा. उन्हाळ्यात तर संध्याकाळचा भात त्याच दिवशी संपेल एवढाच लावा.

मडकं दोन-तीन महिने वापरलं नसेल तर पुन्हा सहा दिवस लागत नाहीत. चार तास भिजवा, सावलीत वाळवा, एकदा पेज उकळा आणि बाहेरचं अंग कोरडं राहतं का ते बघा. कोरडं राहिलं की दुसऱ्या दिवशी भात लावायला हरकत नाही.

मडक्यातल्या जेवणाने साखर उतरते, रक्त वाढतं असं बाजारात कोणी सांगत असेल तर त्यावर विसंबून गोळ्या बंद करू नका. रक्त कमी असलेल्या बाईला आणि मुलीला आरोग्य केंद्रातल्या लोहाच्या गोळ्या लागतात, आणि त्यांचं काम मडकं करत नाही.

गोळ्या चालू ठेवा आणि मडक्यातला भातही खा. नवं मडकं आणलंत, तर ज्या दिवशी भिजत घातलं तो वार भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. घरात चार हात स्वयंपाकाला लागतात, त्यातल्या कोणी घाईने ते आधीच चुलीवर ठेवू नये.